कमाई कुठली, कर कुठे?

कोथरूडमधला एक फ्लॅट घेऊ. आईवडिलांच्या पश्चात तो तीन भावंडांच्या नावावर झाला आहे आणि प्रत्येकाचा हिस्सा सारखा, एक तृतीयांश. थोरला भाऊ पुण्यातच एका अमेरिकी कंपनीत नोकरी करतो. मधली बहीण न्यू जर्सीत स्थायिक झाली आहे. धाकटा सिंगापूरला असतो. फ्लॅट भाड्याने दिला आहे, भाडं महिना ६०,००० रुपये. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला २०,००० येतात. हे कुटुंब मी समजण्यापुरतं घेतलं आहे, पण पुण्या-मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीत अशी भावंडं सापडतील.

भाडेकरू एक, घर एक, रक्कमही सारखी. तरी वर्षाच्या शेवटी कर वजा जाता तिघांच्या हाती वेगवेगळी रक्कम उरते. तिघांपैकी कुणीही कर चुकवलेला नसतो. फरक पडतो तो एका जुन्या प्रश्नामुळे. कर मागण्याचा हक्क कुणाचा? पैसा जिथे कमावला गेला त्या देशाचा, की कमावणारा माणूस जिथे राहतो त्या देशाचा?

दोन दावे

पहिला दावा उगमाचा. भाडं कोथरूडच्या घरातून येतं. तिथला रस्ता, पाणी, पोलीस, मालकी हक्काची नोंद ठेवणारं निबंधक कार्यालय आणि भाडेकरूने घर सोडलं नाही तर दाद देणारं न्यायालय, हे सगळं भारतात आहे. म्हणून मालक कुठेही राहो, या उत्पन्नातला वाटा भारताने मागावा यात गैर काही नाही. या दाव्याला मालकाचं नाव-गाव लागत नाही. उत्पन्न कुठे जन्मलं एवढंच त्याला पाहायचं असतं.

दुसरा दावा निवासाचा. माणूस ज्या समाजात राहतो, त्याच्या खर्चात त्याने आपल्या ऐपतीप्रमाणे भर घालावी, ही त्यामागची भूमिका. ऐपत मोजायची तर सगळं उत्पन्न मोजावं लागतं. पुण्यात वर्षाला वीस लाख कमावणारे दोन शेजारी आहेत. एकाचं सगळं उत्पन्न पुण्यातलं, दुसऱ्याचं दहा लाख इथलं आणि दहा लाख परदेशातलं. दुसऱ्याकडून फक्त इथल्या दहा लाखांवर कर घेतला, तर सारख्याच ऐपतीचे दोन नागरिक वेगळ्या मापाने मोजले गेले. म्हणून निवासाचा दावा करणारा देश आपल्या रहिवाशाच्या जगभरातल्या कमाईवर कर लावतो. याला जागतिक उत्पन्नावरची करआकारणी म्हणतात. याउलट जो देश फक्त आपल्या हद्दीत उगम पावलेल्या उत्पन्नापुरता थांबतो, त्याची पद्धत प्रादेशिक.

प्रत्यक्षात बहुतेक मोठे देश दोन्ही दावे एकदम करतात. रहिवाशांकडून जगभरातल्या उत्पन्नावर आणि अनिवासींकडून आपल्या देशातल्या उत्पन्नावर. भारत तेच करतो. पूर्ण रहिवासी असलेल्या माणसाचं जगातलं सगळं उत्पन्न इथे करपात्र आहे, तर अनिवासी माणसाचं फक्त भारतात मिळालेलं किंवा भारतात उद्भवलेलं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेतली, पण ही चौकट तशीच राहिली.

एका भाड्याचे तीन हिशेब

आता भाडेकरूच्या जागी बसून पाहू. पुण्यातल्या थोरल्या भावाला तो दरमहा पूर्ण २०,००० देतो. रहिवासी मालकाचं भाडं महिन्याला ५०,००० च्या वर गेलं तरच साध्या भाडेकरूला २ टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि थोरल्याचा वाटा त्या मर्यादेच्या बराच खाली आहे. बहिणीला आणि धाकट्याला पैसे पाठवताना मात्र भाडेकरूने ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के कापून सरकारजमा करायचे असतात. इथे कुठलीही किमान मर्यादा नाही. २०,००० मधून ६,२४० जातात, वर्षाला ७४,८८०. बऱ्याच भाडेकरूंना हे ठाऊकच नसतं. नोटीस येते तेव्हा ती मालकाला नाही, कर न कापणाऱ्या भाडेकरूला येते.

इतका कडक नियम का, हे उगमाच्या दाव्यातच दडलेलं आहे. थोरला पुण्यात आहे, त्याचा पॅन, पगार, बँक खातं सगळं इथे आहे, तो कर भरल्याशिवाय जाणार कुठे? न्यू जर्सीतल्या माणसाच्या मागे मात्र भारताचा आयकर अधिकारी जाऊ शकत नाही. पैसा हद्द ओलांडायच्या आतच त्यातला वाटा काढून घेणं, हाच उगमाच्या देशाच्या हातातला खरा उपाय. म्हणून कापणी सगळ्यात चढ्या दराने होते आणि जास्त कापलेलं मागाहून रिटर्न भरून परत मागावं लागतं.

धाकट्याचा हिशेब असा. वर्षाचं भाडं २,४०,०००. देखभालीपोटी कायदा सरसकट ३० टक्के वजावट देतो, ती जाऊन उरतात १,६८,०००. भारतात त्याचं दुसरं काही उत्पन्न नाही आणि ही रक्कम करमुक्त मर्यादेच्या खाली आहे. त्याने रिटर्न भरलं तर कापलेले ७४,८८० पूर्ण परत मिळतात. सिंगापूर मुळात प्रादेशिक पद्धतीचा देश. तिथे केलेल्या नोकरीच्या पगारावर तो कर घेतो, पण परदेशात उगम पावलेलं भाडं एखाद्या व्यक्तीने सिंगापूरला नेलं तरी त्यावर कर लावत नाही. धाकट्याच्या वाट्याच्या भाड्यावर शेवटी दोन्हीकडे शून्य कर पडतो.

बहिणीला भारतात तशीच परतफेड मिळते. पण ती अमेरिकेची रहिवासी आहे आणि अमेरिका जागतिक उत्पन्न मोजते. तिला कोथरूडचं भाडं तिथल्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. तिथे सरसकट ३० टक्के वजावट नाही. प्रत्यक्ष खर्च आणि घराचा घसारा वजा करून जे उरेल, त्यावर तिच्या स्लॅबने कर पडतो. भारतात कर भरला असता तर अमेरिकेने त्याची वजावट दिली असती. भारतात तो शून्य झाला, म्हणून वजा करायला काही उरलं नाही.

थोरल्याचा पगार ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये आहे. त्याचे १,६८,००० पगारावर चढतात आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी ५२,४१६ रुपये कर होतो. भाड्याचा एकही पैसा आधी कापला गेला नव्हता, तरी तिघांत सगळ्यात मोठं बिल बहुधा त्याचंच.

एकाच पैशावर दोन हात

दोन देशांनी दोन दावे केले की एकाच उत्पन्नावर दोनदा कर बसण्याची वेळ येते. ही अडचण पहिल्या महायुद्धात तीव्र झाली. युद्धखर्चासाठी ब्रिटनचा आयकर पौंडाला सहा शिलिंग, म्हणजे ३० टक्क्यांवर पोचला. भारतात व्यवसाय आणि लंडनमध्ये घर असलेल्यांना इथेही कर आणि तिथेही कर असा प्रकार सुरू झाला. पुढे राष्ट्रसंघाने चार अर्थतज्ज्ञांना यावर अहवाल द्यायला सांगितलं. नेदरलँड्सचे ब्रुइन्स, इटलीचे आयनाउडी, अमेरिकेचे सेलिग्मन आणि ब्रिटनचे स्टॅम्प यांचा अहवाल १९२३ मध्ये आला. यातले आयनाउडी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. उत्पन्नाची आर्थिक नाळ ज्या देशाशी जास्त घट्ट, त्याचा हक्क मोठा, असं त्यांनी मांडलं. जमीन आणि घर यांची नाळ मातीशी, म्हणून तिथे उगमाच्या देशाचा मान पहिला. शेअर आणि रोख्यांच्या उत्पन्नाची नाळ मालकाच्या निवासाशी.

आजचे दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार त्याच वाटेने आले आहेत. त्यांचा गाभा सोपा आहे. उगमाच्या देशाने आधी कर घ्यावा, पण लाभांश, व्याज, रॉयल्टी अशा उत्पन्नावर ठरलेल्या दरापेक्षा जास्त नाही. मग निवासाच्या देशाने आपला कर मोजावा आणि तिकडे भरलेला कर त्यातून वजा करून फक्त फरक घ्यावा.

या कराराचं काम थोरल्याच्याच उदाहरणात दिसेल. कंपनीने पगारासोबत त्याला मूळ अमेरिकी कंपनीचे शेअर दिले आहेत. समजा वर्षात त्यावर १,००० डॉलर लाभांश आला. भारत-अमेरिका करारानुसार वैयक्तिक गुंतवणूकदाराच्या लाभांशावर अमेरिका जास्तीत जास्त २५ टक्के घेऊ शकते. २५० डॉलर तिथेच कापले गेले आणि ७५० खात्यात आले. डॉलर हिशेबाच्या सोयीसाठी ८५ रुपयांचा धरू.

पहिली चूक इथेच होते. खात्यात ७५० आले म्हणून रिटर्नमध्ये ७५० दाखवले जातात. दाखवायचे असतात पूर्ण १,०००, म्हणजे ८५,००० रुपये. त्यावर ३१.२ टक्क्यांनी भारताचा कर २६,५२०. अमेरिकेत गेलेले २१,२५० त्यातून वजा करून थोरल्याने इथे ५,२७० भरायचे. एकूण कर २६,५२०, म्हणजे सगळं उत्पन्न पुण्यातच झालं असतं तर पडला असता तेवढाच.

आता हाच लाभांश २० टक्क्यांच्या स्लॅबमधल्या एखाद्या सहकाऱ्याला मिळाला असं समजा. उपकरासह २०.८ टक्क्यांनी त्याचा भारतातला कर १७,६८०. अमेरिकेने २१,२५० आधीच घेतले आहेत. वजावट १७,६८० पर्यंतच मिळते. वरचे ३,५७० भारत परत देत नाही, कारण ते भारताला मिळालेलेच नाहीत. म्हणजे करार दुहेरी कर टाळतो, पण दोन देशांच्या करांतला जो जास्त असेल तो शेवटी भरावाच लागतो.

दुसरी चूक एका फॉर्मची. अमेरिकी ब्रोकरकडे W-8BEN हा फॉर्म भरून आपण भारताचे रहिवासी आहोत हे सांगावं लागतं. तो भरला नाही तर कराराचा दर न लागता ३० टक्के कापले जातात. ३०० डॉलर गेले तरी भारत वजावट देतो ती कराराने ठरलेल्या २५० पुरतीच. राहिलेल्या ५० डॉलरसाठी अमेरिकेच्या कर खात्याचं दार ठोठवावं लागतं. शिवाय भारतातली वजावट आपोआप मिळत नाही. आजवर फॉर्म ६७ या नावाने ओळखलं जाणारं निवेदन आणि परदेशात कर कापल्याचा पुरावा ऑनलाइन द्यावा लागतो. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर आणि आपलं एप्रिल ते मार्च, त्यामुळे ब्रोकरचं वार्षिक पत्रक जसंच्या तसं उतरवून चालत नाही. प्रत्येक लाभांशाची तारीख पाहून तो आपल्या कोणत्या वर्षात येतो हे ठरवावं लागतं.

परदेशातले शेअर आणि खाती स्वतंत्र तक्त्यात जाहीर करणंही पूर्ण रहिवाशाला सक्तीचं आहे, त्यातून त्या वर्षी उत्पन्न झालं नसलं तरी. २०१५ च्या काळा पैसा कायद्यात यासाठी दहा लाखांच्या दंडाची तरतूद आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून स्थावर सोडून इतर परदेशी मालमत्तेचं एकूण मूल्य २० लाखांच्या आत असेल तर त्या दंडातून सूट मिळाली. पण जाहीर करण्याची जबाबदारी गेली नाही. आणि परदेशातलं खातं इथे कुणाला कळणार, हा जुना समज आता टिकत नाही. अनेक देशांच्या कर यंत्रणा दरवर्षी एकमेकींना खात्यांची माहिती पाठवतात.

जिथे करारही अपुरे पडतात

उगम कुठे, याचं उत्तर घराच्या बाबतीत सरळ आहे, शेअरच्या बाबतीत नाही. बहिणीने भारतात असताना घेतलेले इथल्या कंपन्यांचे शेअर विकले तर भारत म्हणतो, कंपनी भारतीय, नफा इथला, कर इथे. अमेरिकेचा कायदा म्हणतो, शेअर विकणारी आमची रहिवासी, तेव्हा नफ्याचा उगम अमेरिकेत. दोन्ही देशांच्या करारात भांडवली नफ्याच्या बाबतीत ज्याने त्याने आपापला कायदा लावावा, असं ठरलं आहे. मग उगमच अमेरिकेतला मानला गेल्यावर भारतात भरलेल्या कराची वजावट तिथे मिळवणं अवघड होऊन बसतं. करार असूनही दुहेरी कर पडतो तो अशा ठिकाणी.

उलट दिशेने पाहा. थोरल्याने आपले अमेरिकी शेअर विकले तर अमेरिका त्या नफ्यावर परक्या रहिवाशाकडून काही घेत नाही. तो नफा भारतालाच करपात्र. एकाच प्रकारच्या व्यवहाराला दोन देश दोन नियम लावतात, कारण उगमाची व्याख्या जो तो आपल्या गरजेप्रमाणे करतो. भांडवल बाहेर पाठवणाऱ्या देशांना निवासाचा दावा मोठा वाटतो, बाहेरचं भांडवल येणाऱ्यांना उगमाचा. भारत बराच काळ दुसऱ्या गटात आहे, म्हणून आपल्या अनेक करारांत उगमाच्या देशाला जास्त वाटा मिळेल अशी कलमं दिसतात.

अमेरिका याहून एक पाऊल पुढे जाते. तिचा दावा निवासावर थांबत नाही, नागरिकत्वापर्यंत पोचतो. मेक्सिकोत राहणाऱ्या कुक नावाच्या अमेरिकी नागरिकाने हे मान्य नाही म्हणून दाद मागितली होती. १९२४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल सरकारच्या बाजूने दिला आणि तो आजही लागू आहे. बहिणीची मुलगी न्यू जर्सीत जन्मली आणि पुढे नोकरीसाठी पुण्यात येऊन राहिली, तरी तिला अमेरिकेचं रिटर्न भरावं लागेल. आपल्याकडे परतलेल्या अनेक कुटुंबांना मुलांच्या अमेरिकी पासपोर्टची ही बाजू मुलं कमावती झाल्यावर कळते.

परत येणाऱ्यांसाठी

धाकटा सिंगापूरहून कायमचा परत आला तर? आल्या दिवसापासून भारत त्याच्या सिंगापूरच्या ठेवींवर कर मागणार का? इथे आपल्या कायद्याने एक मधली पायरी ठेवली आहे. माणूस रहिवासी झाला, पण मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं अनिवासी होता किंवा मागच्या सात वर्षांत मिळून ७२९ दिवसांहून जास्त भारतात नव्हता, तर तो ‘सामान्यतः रहिवासी नसलेला’ ठरतो. त्याचं परदेशात उद्भवलेलं उत्पन्न या काळात भारतात करपात्र नसतं. अपवाद भारतातून चालवलेल्या व्यवसायाचा. दीर्घकाळ बाहेर राहून आलेल्याला साधारण दोन ते तीन वर्षं ही सवलत मिळते. त्या काळापुरता भारत त्याच्यासाठी जवळजवळ प्रादेशिक देश असतो. परदेशातली गुंतवणूक मोडायची, तिथलं घर विकायचं, तर हीच वेळ.

मूळ निकष दिवसांचा आहे. वर्षात १८२ दिवस भारतात राहिलात तर रहिवासी. वर्षात ६० दिवस आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस झाले तरीही रहिवासी. नोकरीसाठी बाहेर पडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या वर्षी साठ दिवसांची अट लागत नाही, त्याच्यासाठी १८२ च. सुट्टीवर येणाऱ्या अनिवासी भारतीयालाही तीच सवलत आहे, पण त्याचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर मर्यादा १२० दिवसांवर येते. आईच्या आजारपणात लांबलेला मुक्काम किंवा महिनाभर पुढे ढकललेलं विमान यामुळे एखाद्याचा दर्जा बदलू शकतो. म्हणून पासपोर्टवरच्या शिक्क्यांचा हिशेब मार्च संपायच्या आत मांडावा, रिटर्न भरायच्या वेळी नाही.

माझं मत विचाराल तर दोन्ही दाव्यांमागची नीती खरी आहे आणि दोन्ही हवेत. उगमाचा दावा सोडला तर इथल्या बाजारातून कमावून नेणारे काहीच देणार नाहीत. निवासाचा सोडला तर ज्याला पैसा बाहेर नेता येतो तो सुटेल आणि पगारदार तेवढा सापडेल. पण दोन दाव्यांच्या मधला हिशेब कोणतंही सरकार तुमच्यासाठी करून देत नाही, तो तुम्हालाच करावा लागतो. परदेशाशी ज्यांचा थोडाही आर्थिक संबंध आहे, त्यांनी सीएकडे जाण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात. या वर्षी मी किती दिवस भारतात होतो, माझं प्रत्येक उत्पन्न कोणत्या देशात उगम पावलं आणि तिथे त्यातून किती कर कापला गेला. या तीन उत्तरांशिवाय भरलेलं रिटर्न अंदाजाने भरलेलं असतं, आणि अंदाज चुकला तर त्याचा भुर्दंड रिटर्न भरणाऱ्यालाच सोसावा लागतो.